तपकिरीच्या आधी तांबूस

काळ्या केसांचे ब्लाँड करणं अवघड आणि ब्लाँडचे परत गडद करणं सोपं, असा सगळ्यांचाच समज असतो. वरून गडद रंग फासला की झालं! पार्लर चालवणाऱ्या कितीतरी जणींनाही तसंच वाटतं, आणि म्हणून दर लग्नसराईत हिरवट, शेवाळी केस झालेल्या मुली आमच्याकडे येतात. मागच्या सीझनला मंगळवार पेठेतल्या एक वहिनी आपल्या मुलीला घेऊन माझ्या राजारामपुरीतल्या पार्लरमध्ये आल्या, त्या वेळी मात्र केस अजून हिरवे व्हायचे होते. त्यामुळे पहिल्यापासून नीट करायची संधी मिळाली.

मुलगी पुण्यात नोकरीला. तिथंच तिनं केस ब्लीच करून घेतले होते. साखरपुडा रविवारी होता. वहिनींनी पिशवीतून काळ्या रंगाचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"ताई, घरीच लावणार होते. पण हिनं ऐकलं न्हाई. तेवढं काळं करून द्या बघू."

मुलीनं फोनवरचा फोटो पुढं केला. तिला काळे नको, गडद तपकिरी हवे होते, तेही ॲश, म्हणजे ज्यात लालसरपणा अजिबात दिसत नाही असे. "लाल मला शोभत नाही, मावशी," एवढंच ती म्हणाली.

मी आधी केस हातात घेऊन उजेडात पाहिले. मुळाशी दोनेक इंच तिचे स्वतःचे, काळे. मधली लांबी नारिंगी-पिवळी, आणि शेवटचे चार बोटं केस इतके फिकट की केळीच्या सालीच्या आतल्या बाजूचा रंग आठवावा. शिवाय टोकांना जांभळट करडी झाक होती. विचारलं तर कळलं की पिवळेपणा मारायला ती जांभळा शाम्पू वापरत होती. हे माहीत असणं फार गरजेचं होतं. जांभळा, निळा, करडा असा थंड रंग केसात शिल्लक असेल तर वर लावलेला तपकिरी मळकट होतो.

मग टोकाचा एक केस ओला करून हलकेच ताणला. तो ताणला गेला आणि सोडल्यावर परत आखडला. रबरासारखा लांबत जाऊन तुटला असता, तर मी रंगाचं नावच काढलं नसतं. रंग भरल्यानं केस मजबूत होत नाही, फक्त रंग धरतो.

आता या सगळ्याचं कारण सांगते, कारण तेच वहिनींना सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आपले काळे केस नुसते काळे नसतात. ब्लीच लावून बसलं की काळ्याखालून आधी लाल, मग नारिंगी, मग सोनेरी, शेवटी फिकट पिवळा असे रंग वर येत जातात. केस जितका उजळ, तितके हे उबदार रंग निघून गेलेले. तपकिरी रंगाला तर लाल, पिवळा आणि निळा तिन्ही लागतात. डाय बनवणारे गृहीत धरतात की लाल-नारिंगी केसात आहेच, म्हणून गडद शेडमध्ये, विशेषतः ॲशमध्ये, निळा किंवा हिरवट भाग जास्त असतो. तो निळा फिकट पिवळ्यावर पडला की हिरवा होणारच. आणि पाकिटातला काळा? तो लावला की पहिल्या दिवशी निळसर काळा, शाई ओतल्यासारखा सपाट दिसतो, आणि धुता धुता टोकांना करडा-हिरवा होत जातो.

म्हणून गेलेला लाल-नारिंगी आधी परत द्यायचा, आणि मग त्यावर तपकिरी चढवायचा. यालाच आम्ही फिलिंग म्हणतो. दोन-एक लेव्हल गडद करायचं असेल तर बहुधा गरज पडत नाही. तीन लेव्हल किंवा त्याहून जास्त खाली यायचं असेल तर मी ते टाळत नाही. लेव्हल म्हणजे केसांच्या गडदपणाचं माप: १ म्हणजे काळा, १० म्हणजे सगळ्यात फिकट ब्लाँड. या मुलीची टोकं ९ वर होती आणि तिला ४ वर यायचं होतं. म्हणजे पाच पायऱ्या.

"म्हणजे आधी लाल करणार?" मुलगी खुर्चीतून उठायच्याच बेतात होती.

नुसत्या बोलण्यानं हे पटत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून कानामागं ॲलर्जीची टेस्ट लावली, मानेजवळच्या आतल्या थरातून टोकाकडच्या दोन बारीक बटा कापून घेतल्या आणि मायलेकींना दोन दिवसांनी बोलावलं. टेस्टला ४८ तास द्यावेच लागतात, आणि मलाही बटांवर निवांत काम करायचं होतं.

त्या आल्या तेव्हा कानामागं खाज, लाली काही नव्हतं. दोन्ही बटा मी पांढऱ्या कागदावर चिकटवून ठेवल्या होत्या. एकीवर थेट तिला हवी तशी लेव्हल ४ ची ॲश शेड लावली होती. दुसरीवर आधी तांबूस भरून मग नॅचरल तपकिरी. आतल्या दिव्याखाली दोन्ही गडदच वाटत होत्या. कागद घेऊन आम्ही दारात गेलो. बाहेरच्या उन्हात पहिली बट चक्क शेवाळी करडी दिसली. दुसरी स्वच्छ तपकिरी, लाल कुठंच नाही.

मुलगी बराच वेळ कागद वळवून वळवून पाहत राहिली. वहिनी म्हणाल्या, "हे असलं डोक्यावर घेऊन बसली असती व्हय पाटावर? करा ताई तुमच्या मनानं."

पहिल्यांदा केस क्लॅरिफाइंग शाम्पूनं धुतले, जांभळी झाक जाईपर्यंत. कंडिशनर लावलं नाही. टॉवेलनं टिपून घेतले. हळूहळू धुऊन जाणारा, बिनअमोनियाचा डेमी रंग घेतला, सोबत तो केसात फुलवायला ३ टक्क्यांचं म्हणजे १० व्हॉल्यूम डेव्हलपर. इथं केस आणखी उजळायचे नसतात, त्यामुळे जास्त ताकदीचं डेव्हलपर घेण्यात काही अर्थ नाही. भरायची शेड शेवटच्या रंगापेक्षा एक-दोन लेव्हल फिकट ठेवतात, म्हणून मी लेव्हल ६ धरली. टोकांसाठी २५ ग्रॅम कॉपर, १० ग्रॅम सोनेरी आणि ५ ग्रॅम लाल, त्यात ६० ग्रॅम डेव्हलपर. मधल्या लांबीत सोनेरी अजून शिल्लक होता, तिथं सोनेरी वगळून कॉपरला थोडा लाल, बस्स. ट्यूबवरच्या आकड्यांवर डोळे मिटून जाऊ नये. बिंदूनंतरचा ४ एका कंपनीत कॉपर असतो तर दुसरीत लाल, त्यामुळे शेडकार्ड उघडून पाहायचं.

मुळाशी आलेल्या काळ्या केसांना हात लावला नाही. त्यांचा लाल त्यांच्यातच आहे. टोकांपासून सुरुवात केली, मग मधली लांबी, आणि रुंद दातांच्या कंगव्यानं सगळीकडं नीट पसरवलं. वीस मिनिटं ठेवलं. मधे दोन-तीनदा एखादी बट पुसून पाहिली. कुठं फिकट पिवळा ठिपका राहिला असेल, तर तिथंच नंतर हिरवं फुटतं. मागं उजव्या बाजूला एक पट्टा असाच राहिला होता, तिथं परत लावलं.

पुसून काढल्यावर आरशात जे दिसलं, त्यानं वहिनींचा जीव परत वरखाली झाला. "अगं बाई, हे तर गुळासारखं झालं की!"

मला तेच हवं होतं. सगळीकडं सारखा, नारिंगी-तांबडा. या टप्प्यावर केस सुंदर दिसलेच पाहिजेत असं नाही, एकसारखे दिसले पाहिजेत. मुलगी मात्र डोळे मिटून बसली होती. तिला मी म्हटलं, "बाळा, अर्धा तास माझ्यावर सोड."

साध्या पाण्यानं खळखळून घेतलं, शाम्पू नाही, आणि केस जवळजवळ कोरडे केले. आता शेवटचा रंग. फोटोतल्या ॲशवर मी ठाम नकार दिला. भरलेल्या केसांवरही पूर्ण ॲश लावलं तर टोकं मळतात, कारण ब्लीच केलेला केस सच्छिद्र झालेला असतो, रंग पितो आणि थंड रंग तर जरा जास्तच पितो. म्हणून नॅचरल घेतला. मधल्या लांबीला ४, आणि टोकांना ४ व ५ निम्मे-निम्मे. टोकं हमखास पाऊण-एक लेव्हल गडद उतरतात, तेवढी सूट आधीच द्यावी लागते. हाही डेमीच, तेच डेव्हलपर. मधल्या लांबीला आधी लावला, टोकांना दहा मिनिटांनी. काळ्या मुळांशी जिथं जोड होता तिथं ब्रश उभा धरून रंग वर नुसता फिरवला, म्हणजे रेघ दिसत नाही.

वेळ संपायच्या आधीच मी टोकाची बट पुसून दाराशी नेऊन पाहिली आणि पाच मिनिटं लवकर धुतलं. ओले केस नेहमी जास्त गडद दिसतात, त्यामुळे वाळवल्याशिवाय मत देऊ नये. वाळवले. उन्हात नेले. मुळं काळी, खाली उतरत गेलेला गडद तपकिरी, टोकांना किंचित उबदार. हिरवं नाही, करडं नाही. मुलीनं केस पुढं घेऊन वास घेतल्यासारखे नाकाशी धरले आणि म्हणाली, "लाल कुठं गेला?"

तो आतच होता, तपकिरीला आधार देत. त्याच्याशिवाय हा तपकिरी उभाच राहिला नसता.

फिलिंगचे पैसे मी वेगळे लावते आणि ते आधी सांगते. रंग दुप्पट लागतो, खुर्ची जवळजवळ अर्धा दिवस अडते. पैसे वाचवायला ही पायरी गाळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण बिघडलेलं निस्तरायला मुलीला त्याहून जास्त खर्च येतो आणि केसांवर आणखी एक मारा होतो. आधीच हिरवे झालेले केस आले तरी उपाय याच वाटेनं जातो: हिरव्यावर लालसर कॉपर द्यायचा. ब्लीच लावून काढायला धावायचं नाही.

निघताना मुलीला दोन गोष्टी सांगितल्या. पहिले तीन दिवस केस धुवायचे नाहीत, नंतर सल्फेट नसलेला शाम्पू, आणि जांभळी बाटली कायमची बंद. दुसरी म्हणजे, इतक्यात परत ब्लाँड व्हायचा विचार करू नकोस. आता उजळायला गेलीस तर भरलेला हा तांबूस वर येईल आणि काढताना केस सोसणार नाहीत.

साखरपुड्यानंतर महिन्याभरानं तिनं पुण्याहून फोटो पाठवला. टोकं थोडी उतरली होती, पण मधासारख्या तपकिरीकडं, हिरव्याकडं नव्हे. सच्छिद्र केसातून रंग निघतोच, ते फिलिंगनंही पूर्ण थांबत नाही. तिला कळवलं की लग्नाच्या आठवडाभर आधी ये. टोकांना ५ नॅचरलमध्ये थोडा सोनेरी मिसळून पंधरा मिनिटं देऊ, या वेळी आधी भरायची गरज लागणार नाही.