खोकला बापाला, श्वास थांबला बाळाचा

बाळ पाच आठवड्यांचं, वजन 3.8 किलो. आईची तक्रार एवढीच होती की दूध पिताना तो मध्येच काळानिळा पडतो. तपासलं तेव्हा बाळ शांत झोपलेलं, ताप नाही, छाती स्वच्छ, श्वासाचा वेग ठीक. याआधी दोन ठिकाणी याच तपासणीवरून ‘साधी सर्दी’ सांगून परत पाठवलं होतं. डांग्या खोकला इथेच चकवतो. दोन उबळींच्या मधल्या वेळात मूल अगदी ठणठणीत दिसतं.

म्हणून आईला तिथेच दूध पाजायला सांगितलं आणि बाळाच्या पायाला ऑक्सिजन मोजणारा प्रोब लावून ठेवला. सात-आठ मिनिटांनी उबळ आली. मध्ये एकही श्वास न घेता दहा-बारा छोटे, सुके ठसके एकापाठोपाठ एक. चेहरा लाल, मग जांभळा, जीभ बाहेर, डोळ्यांत पाणी. आणि मग काहीच नाही. खोकला थांबला, पण श्वासही सुरू होईना. आकडा 96 वरून 68 वर आला. पाठ चोळून, नाकाशी ऑक्सिजन धरल्यावर बाळाने श्वास घेतला.

पुस्तकात वाचलेला ‘हूप’ असा आवाज आलाच नाही. उबळ संपल्यावर जोरात श्वास आत ओढला की तो आवाज येतो, आणि एवढ्या लहान बाळाच्या अंगात तेवढा जोर नसतो. सहा महिन्यांखालच्या बाळात आवाजाची वाट पाहत बसू नये. श्वास थांबणं हेच कधी कधी एकमेव लक्षण असतं.

रक्तात पांढऱ्या पेशी 38,000 निघाल्या, त्यातल्या बहुतेक लिम्फोसाइट. हा या जंतूच्या विषाचा परिणाम. त्या पेशींना रक्तातून बाहेर पडता येत नाही, म्हणून आकडा फुगतो. तो भराभर चढत गेला तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो आणि बाळ हाताबाहेर जातं, म्हणून ही तपासणी रोज करत राहिलो. नाकातून खोलवर घेतलेल्या स्वॅबच्या पीसीआरमध्ये बोर्डेटेला पर्टुसिस हा डांग्या खोकल्याचा जंतू सापडला.

मग प्रश्न, आला कुठून? बाळ घराबाहेर गेलेलं नव्हतं. बोलत असताना वडील दोनदा उठून बाहेर खोकून आले. विचारलं तर म्हणाले, “माझी ॲलर्जी आहे हो डॉक्टर. लहानपणी सगळ्या लसी घेतल्यात मी.”

लसी घेतल्या होत्या हे खरंच. पण डांग्या खोकल्याचं संरक्षण काही वर्षांत उतरतं, लसीचंही आणि प्रत्यक्ष आजाराचंही. मोठ्या माणसाला मग रात्री वाढणारी, कधी ओकारी आणणारी नुसती ढास लागते, आणि तो कामावर जात राहतो. आम्ही तारखा मागे मोजल्या. बाळाचं नाक गळायला लागून दहा दिवस झाले होते. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, म्हणजे लागण 17 ते 20 दिवसांपूर्वीची. वडिलांची सर्दी 26 दिवसांपूर्वी सुरू झाली होती. लागणीच्या वेळी त्यांचा आजार पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होता. नाक गळण्याचा टप्पा आणि खोकल्याचे पहिले दोन आठवडे, याच काळात रोग सर्वाधिक पसरतो, आणि तेव्हा तो साध्या सर्दीहून वेगळा ओळखूच येत नाही. वडिलांचा स्वॅब निगेटिव्ह आला, पण खोकल्याला तीन-चार आठवडे झाल्यावर जंतू सापडेलच असं नसतं. तारखा जे सांगत होत्या ते त्या रिपोर्टने खोडलं गेलं नाही.

बाळाला ॲझिथ्रोमायसिन किलोमागे 10 मिलिग्रॅम, म्हणजे 38 मिलिग्रॅम दिवसातून एकदा, पाच दिवस दिलं. या वयात या औषधाने जठराचं तोंड अरुंद होण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून पुढचा महिनाभर जोरात उडणारी उलटी झाली तर लगेच आणा, हे आईला बजावलं. घरातल्या सगळ्यांनाही औषध दिलं.

“औषध दिलं, मग खोकला का थांबत नाही?” हा आईचा पाचव्या दिवसाचा प्रश्न. उबळींचा टप्पा सुरू झाला की विषाने श्वासनलिकेचं नुकसान केलेलं असतं. औषध जंतू मारतं, दुसऱ्याला होणारी लागण थांबवतं, पण झालेली इजा भरून यायला आठवडे जातात. खोकल्याची सिरप काही करत नाहीत. थोडं थोडं दूध, कमीत कमी हाताळणी, श्वासावर नजर, हाच खरा इलाज.

उबळी दोन आठवडे वाढत गेल्या आणि मग विरळ झाल्या. सलग दोन दिवस श्वास थांबला नाही, तेव्हा घरी सोडलं. जाताना आईला दोन गोष्टी सांगितल्या. पुढच्या काही महिन्यांत साधी सर्दी झाली तरी तशाच उबळी परत येऊ शकतात, ती नवी लागण नसते. पण बाळ निळं पडलं तर थांबू नका. आणि आजार होऊन गेला तरी लस ठरल्याप्रमाणे द्यायचीच.

लसीचा पहिला डोस सहा आठवड्यांना असतो, हा आजार त्याच्या आधीच गाठून गेला. ही फट भरायला गरोदरपणी 27 ते 36 आठवड्यांत आईने टीडॅप ही डांग्या खोकल्यापासूनही वाचवणारी लस घ्यायची असते, म्हणजे तिची प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे जातात. या आईला ती कुणी सुचवलीच नव्हती.