कव्हर लेटर तपासायला दिलं आणि दुसऱ्याचंच परत आलं

नोकरीच्या अर्जाचं कव्हर लेटर तपासून घ्यायला मी जळगावच्या एका मार्गदर्शन केंद्रात गेले. तिथल्या फॉर्ममध्ये नाव, मोबाइल नंबर आणि ‘फाइल जोडा’ एवढंच होतं. फाइलचं काय करून हवं, हे सांगायला जागाच नव्हती. खिडकीवर विचारलं तर उत्तर मिळालं, “टाका ताई, आम्ही बघतो.” आजही हे आठवलं की डोकं तापतं.

जागा क्षेत्र सहायकाची होती, रावेर भागातल्या केळीच्या कामासाठी. माझ्या पत्रात सीएमव्ही या केळीवरच्या विषाणूजन्य रोगाबद्दल एक वाक्य होतं : ‘गेल्या हंगामात सीएमव्ही झालेली झाडं ओळखून ती उपटायच्या कामात मी मदत केली.’ केंद्राकडून ते असं परत आलं : ‘केळीवरील रोग निर्मूलन मोहिमेचे यशस्वी नेतृत्व केले.’ मोहीम नव्हती, नेतृत्वही नव्हतं. मुलाखतीत कोणी विचारलं असतं, किती माणसं हाताखाली होती, तर मी काय सांगणार होते? पानांवरच्या पिवळ्या रेषा आणि सडलेला पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, यांवरून झाड ओळखता येतं, हे मी मुद्दाम लिहिलं होतं. ते तर पार गायब. त्याऐवजी ‘मेहनती, प्रामाणिक व जिद्दी’ आलं, जे कोणाच्याही पत्रात चालेल. जाहिरातीतलं ‘क्षेत्र सहायक’ हे पदनामही बदलून ‘कृषी सहायक’ झालं होतं. छाननीत पत्र बाजूला पडायला एवढं पुरतं.

काय काय बदललं ते दाखवा म्हटलं, तर म्हणाले, “सगळं सुधारूनच दिलंय.” कुठे खूण नाही, रंग नाही. पुन्हा गेले तर फाइल करणाऱ्या मॅडम रजेवर. शेवटी वर्डमध्ये `Review` मधलं `Compare` वापरून माझी जुनी फाइल आणि त्यांची फाइल शेजारी लावली, तेव्हा कळलं की तारीख आणि पत्ता सोडून माझं काहीच उरलेलं नाही. मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवली होती म्हणून निभावलं. तुम्हीही ठेवा.

मग अमळनेरला आमच्या ओळखीच्या काकांकडे गेले. त्यांनी वर्तमानपत्रात मुद्रितशोधनात आयुष्य काढलंय. त्यांनी पत्र आधी शेवटपर्यंत वाचलं, पेन उघडलंसुद्धा नाही, आणि म्हणाले, “तुले काय जोयजे ते पहिले सांग.” मी गोंधळले, तशी त्यांनी तीन वाटा सांगितल्या. एक, फक्त शुद्धलेखन, विरामचिन्हं, नावं, तारखा तपासायच्या. वाक्य तुझंच राहील. दोन, वाक्याला हात न लावता कुठे कमी पडतं, कुठे शंका येते, ते समासात लिहायचं. तीन, नव्याने लिहून द्यायचं. पण मग आत जे येईल ते तुला मुलाखतीत स्वतःचं म्हणून सांगता आलं पाहिजे.

मी विचारलं, “तुम्हाला बघून कळत नाही का?” ते म्हणाले, “अंदाज येतो. खाली सही-तारीख आहे, पदनाम भरलंय, म्हणजे तुझ्या मते हे झालेलं दिसतं. पण तिसऱ्या परिच्छेदात एकच गोष्ट दोनदा वेगवेगळ्या शब्दांत आहे, म्हणजे तुझं अजून ठरलेलं नाही. अंदाजावर काम करू, की विचारू?”

मी पहिलं आणि दुसरं मागितलं. ‘परिक्षा’चं ‘परीक्षा’ झालं, दुहेरी वाक्यांपुढे ‘यातलं एक ठेव’ आलं. सीएमव्हीच्या वाक्यापुढे त्यांनी लिहिलं : ‘उभं झाड उपटायला शेतकरी तयार कसा झाला?’ हा प्रश्न माझ्या मनातच आला नव्हता. मावा रोगट झाडावर बसून शेजारच्या झाडावर तोच रोग नेतो, हे मी बांधावर उभी राहून समजावलं होतं. मग ते एका वाक्यात मीच लिहिलं. मुलाखतीत नेमकं त्याच वाक्यावर विचारलं आणि मी न अडखळता बोलले. त्याचा मला अभिमान आहे.

एक राहिलं. शिष्यवृत्तीच्या किंवा प्रवेशाच्या निबंधात बरेचदा ‘हे लेखन माझं स्वतःचं आहे’ असं लिहून द्यावं लागतं. तिथे तिसरी वाट मागूच नका, आणि कोणी न विचारता देऊ केली तरी घेऊ नका.

आणि तुमच्याकडेच कोणी व्हॉट्सॅपवर नुसती फाइल टाकली, मुदत आज रात्रीची आहे आणि माणूस फोन उचलत नाही, तर काकांचा नियम असा : फक्त शुद्धलेखन करा, प्रत्येक बदलाला खूण ठेवा, बाकीच्या शंका वेगळ्या मेसेजमध्ये लिहा. चुकीची वेलांटी सुधारल्याने कोणाचं म्हणणं बदलत नाही. वाक्य बदलायला मात्र लिहिणारा समोर हवा.