बाळ गंगाधर

आपल्याकडे सत्तरीतले बाळासाहेब आणि नातवंडं असलेले बंडूकाका गल्लोगल्ली सापडतात. पण घरातलं लाडाचं नाव थेट राजद्रोहाच्या खटल्यापर्यंत नेणारा माणूस एकच. टिळक.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत मुलगा झाला आणि रीतीप्रमाणे पणजोबांचं नाव ठेवलं, केशव. हे नाव कुणी फारसं वापरलंच नाही. घरात तो ‘बाळ’ झाला. कारण कुठे वाचलेलं नाही, पण माझा एक तर्क आहे. जुन्या घरांत सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव उच्चारायचं नसे. केशवराव हे पार्वतीबाईंचे आजेसासरे. म्हणजे पणजोबांचं नाव पुढे चालवायचं आणि प्रत्यक्ष आईनंच ते तोंडातून काढायचं नाही! मग अंगणात खेळणाऱ्या पोराला जेवायला हाक कशी मारायची? बाळ, बाबू, अण्णा, तात्या ही आपली निम्मी घरगुती नावं अशाच अडचणीतून निघाली असावीत, असं मला फार दिवस वाटतं.

पोरगा डेक्कन कॉलेजात गेला तेव्हा नाव ठेवायचं काम सोबत्यांकडे आलं. मित्रमंडळी काय, पंचांग बघत नाहीत की आत्याला विचारत नाहीत. तोंडावर स्पष्ट बोलायची खोड म्हणून ‘ब्लंट’, आणि वसतिगृहातल्या दांडगाईमुळे ‘डेव्हिल’. स्वभाव ओळखण्यात पत्रिकेपेक्षा ही मुलं जास्त अचूक ठरली. तरी ही नावं कॉलेजच्या फाटकाबाहेर टिकली नाहीत. टोपणनावाला ते पाडणारी टोळी लागते. टोळी पांगली की नाव संपतं.

बाळ मात्र टिकलं. पुढे चारचौघांत ‘बळवंतराव’ असा भारदस्त अवतार त्याला मिळाला. मिशीवाल्या संपादकाला ‘अहो बाळ’ म्हणायचं तरी कसं? नंतर लोकांनी ‘लोकमान्य’ म्हटलं, आणि त्यापुढे तर नाव घ्यायची गरजच उरली नाही.

पण सरकारी कागद लोकमान्यही मानत नाही आणि बळवंतरावही. १८९७ साली मुंबईच्या हायकोर्टात राजद्रोहाचा खटला उभा राहिला, त्याचं नाव ‘क्वीन एम्प्रेस विरुद्ध बाळ गंगाधर टिळक’. एका बाजूला अख्ख्या साम्राज्याची महाराणी आणि दुसऱ्या बाजूला बाळ! कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही याच नावानं सापडतो. केशवचा तिथं मागमूस नाही.

हे त्या काळी जमून गेलं. आज केशवचा बाळ करायचा तर प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नोंद आणि मग आधार, पॅन, बँक अशी वरात काढावी लागली असती. त्यातही कुठल्या तरी खिडकीवरच्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं असतंच, “बाळ हे लाडाचं झालं, खरं नाव सांगा.” आणि समोर ब्लंट उभे.