सगळा कॉलम पिवळा झाला त्या दिवशी

तुर्भ्याला ठाणे-बेलापूर मार्गालगतच्या एका गोदामाच्या वाहतूक विभागात मी हिशेब आणि अहवालांचे काम करते. गोदामात आलेला प्रत्येक ट्रक गेटमधून आत कधी शिरला आणि माल उतरवून बाहेर कधी पडला, याची नोंद गेटवरचे काका वहीत करतात. महिनाअखेरीस ती वही माझ्याकडे येते आणि मी ती एक्सेलमध्ये उतरवते. त्या जूनमध्ये 240 फेऱ्या झाल्या होत्या. ‘ए’ कॉलममध्ये तारीख, ‘बी’मध्ये गाडीचा क्रमांक, ‘सी’मध्ये वाहतूकदार आणि ‘डी’मध्ये गाडी आवारात किती मिनिटे थांबली तो आकडा, अशी साधीच मांडणी होती.

त्या महिन्याला एक पार्श्वभूमी होती. आमचा वजनकाटा महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात वारंवार बंद पडत होता आणि 16 तारखेला तो दुरुस्त झाला. दुरुस्तीवर झालेला खर्च सार्थकी लागला की नाही, हे साहेबांना पाहायचे होते. त्यांनी मला एवढेच सांगितले, “सर्वांत जास्त थांबलेल्या दहा टक्के गाड्या रंगवून द्या. कोणत्या तारखांना त्या आहेत, ते एका नजरेत दिसले पाहिजे.”

नुसते आकड्यांचे चौकोन रंगवायचे असते, तर कंडिशनल फॉरमॅटिंगच्या मेनूमध्ये Top 10% हा तयार नियम आहेच, आणि तो वापरला असता तर पुढचे काहीच घडले नसते. पण तो नियम ज्या चौकोनात आकडा आहे तेवढाच रंगवतो. मला पुढे तारखेपासून वाहतूकदारापर्यंत पूर्ण ओळ रंगवायची होती, म्हणून मी सूत्राचा नियम निवडला. सीईटीच्या निकालामुळे पर्सेंटाइल हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे, आणि इथेही अर्थ तोच आहे. 90वा पर्सेंटाइल म्हणजे असा आकडा, की ज्याच्या खाली सुमारे नव्वद टक्के नोंदी असतात. नोंद त्या आकड्याइतकी किंवा त्याहून मोठी असेल तर ती रंगवायची, एवढाच विचार त्यामागे होता.

आधी फक्त ‘डी’ कॉलमवर प्रयोग करावा, म्हणून मी `D2` ते `D241` निवडले आणि नियमाच्या चौकटीत माउसने चौकोन टिपत सूत्र तयार केले. या चौकटीत माउसने टिपलेल्या प्रत्येक पत्त्याला एक्सेल आपणहून डॉलरची चिन्हे लावते, त्यामुळे सूत्र असे झाले:

```
=$D$2>=PERCENTILE($D$2:$D$241,0.9)
```

एकही चौकोन रंगला नाही. त्याचे कारण आज सांगायला सोपे वाटते. `$D$2` असे लिहिल्याने प्रत्येक ओळ स्वतःचा आकडा तपासण्याऐवजी पहिल्याच नोंदीचा आकडा तपासत होती, आणि पहिली गाडी 85 मिनिटांतच बाहेर पडलेली होती. घाईत मी एवढेच ताडले की डॉलरमुळे काहीतरी अडते आहे, आणि सगळेच डॉलर काढून टाकले:

```
=D2>=PERCENTILE(D2:D241,0.9)
```

आता कॉलमभर पिवळे चौकोन विखुरलेले दिसू लागले. मला हवे होते तसेच चित्र समोर आल्यामुळे ते तपासून पाहण्याची गरज मला वाटली नाही. मी पत्रक छापून साहेबांच्या टेबलावर ठेवले. काटा दुरुस्त झाल्यानंतरच्या पंधरवड्यातही बरेच पिवळे चौकोन होते. साहेबांनी त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या आणि दुपारच्या बैठकीत काटा दुरुस्त करणाऱ्या कंत्राटदाराला बोलावून घेतले.

बैठकीत पत्रक पडद्यावर होते. कंत्राटदार शांतपणे म्हणाला, “साहेब, सगळ्यांत जास्त थांबलेली गाडी वर घ्या ना, म्हणजे आमच्या दुरुस्तीनंतरच्या किती आहेत ते कळेल.” मागणी रास्त होती. मी ‘डी’ कॉलम उतरत्या क्रमाने लावला आणि त्याच क्षणी दुसऱ्या ओळीपासून 241व्या ओळीपर्यंत संपूर्ण कॉलम पिवळा झाला. चाळीस मिनिटांत बाहेर पडलेली गाडीदेखील सर्वाधिक थांबलेल्या दहा टक्क्यांत गेली होती. कोणी हसले नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले. साहेब फक्त म्हणाले, “मॅडम, हे तासाभरात नीट करून आणा.”

जागेवर परत आल्यावर मी कोऱ्या पत्रकात 1 ते 20 हे आकडे एकाखाली एक लिहिले आणि तोच नियम त्यांना लावला. चढत्या क्रमाने लावले की फक्त शेवटचा चौकोन पिवळा होई, आणि उतरत्या क्रमाने लावले की वीसही पिवळे होत. तेव्हा गोम लक्षात आली. डॉलर नसलेला पत्ता ओळीबरोबर खाली सरकतो. दुसऱ्या ओळीसाठी तुलना `D2:D241` शी होते, तिसरीसाठी `D3:D242` शी आणि शंभराव्या ओळीसाठी `D100:D339` शी. 241च्या खाली सगळे चौकोन रिकामे असतात आणि `PERCENTILE` रिकाम्या चौकोनांना मोजतच नाही. म्हणजे प्रत्येक गाडीची तुलना सर्व गाड्यांशी न होता फक्त तिच्या खालच्या गाड्यांशी होत होती. उतरत्या क्रमात प्रत्येक आकडा आपल्या खालच्या सगळ्यांहून मोठा असतो, म्हणून प्रत्येकच पिवळा होतो. शेवटच्या ओळीला तुलना करायला स्वतःशिवाय कोणीच उरत नाही. त्यामुळे तिथे कोणताही आकडा असला, तरी तो पिवळाच होतो. मी सकाळी छापलेला कागद पुन्हा काढून पाहिला. शेवटची नोंद 65 मिनिटांची होती आणि ती पिवळी होती. हा पुरावा सकाळपासून माझ्या हातात होता.

या चुकीने आमच्या महिन्याचे चित्र नेमके हवे तिथेच बिघडवले होते. दुसऱ्या पंधरवड्यातील गाड्यांची तुलना फक्त त्याच पंधरवड्याशी होत होती, आणि कोणत्याही गटात वरचे दहा टक्के असायचेच, म्हणून तिथेही पिवळे चौकोन उमटत राहिले. मी जुन्या क्रमाचे पत्रक उघडून रंगानुसार गाळणी लावली, तेव्हा खालच्या पट्टीत 240पैकी 52 नोंदी दिसल्या, आणि त्यातल्या 15 दुरुस्तीनंतरच्या होत्या. दहा टक्के म्हणजे 24च्या आसपास, हे शाळकरी मुलालाही सांगता येईल. मी रंग पाहिले, पण मोजले नाहीत.

दुरुस्ती अशी करायची होती की तपासायच्या चौकोनाची ओळ मोकळी राहील आणि तुलनेचा पट्टा मात्र दोन्ही टोकांना जखडलेला असेल:

```
=$D2>=PERCENTILE($D$2:$D$241,0.9)
```

`$D2` मध्ये ‘डी’च्या आधी डॉलर ठेवल्यामुळे हाच नियम `A2:D241` या संपूर्ण पट्ट्याला लावता आला. ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’मधले चौकोनही मग ‘डी’चाच आकडा पाहतात आणि सगळी ओळ रंगते.

मी पुन्हा उतरता क्रम लावला. पिवळी पट्टी आता वरच एकत्र आली आणि एका जागी स्वच्छ संपली. बरोबर नियमाची ही खूण मानायला हरकत नाही. मात्र सर्वांत वरच्या तीन ओळी विचित्र होत्या. तिथे ‘75 मि.’, ‘60 मि.’ आणि ‘55 मि.’ असे लिहिलेले होते आणि तिन्ही पिवळ्या होत्या. ती माझीच करामत होती. वहीत काकांनी जसे लिहिले होते तसेच मी त्या तीन ठिकाणी टंकले होते. ‘मि.’ लागले की एक्सेलच्या दृष्टीने तो आकडा न राहता मजकूर होतो. `PERCENTILE` मजकूर सोडून देते, पण तुलनेच्या चिन्हासमोर एक्सेल मजकुराला कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा मानते, म्हणून असे चौकोन हमखास रंगतात. रिकाम्या चौकोनात `=COUNT(D2:D241)` लिहिले तर 237 आले आणि `=COUNTA(D2:D241)` ला 240, म्हणजे असे चौकोन तीनच होते याची खात्री झाली. तिन्ही ठिकाणी नुसते आकडे भरले. पुढच्या महिन्यासाठी मात्र नियमातच अट घातली, कारण ‘मि.’ लिहिण्याची काकांची सवय सुटेल अशी मला मुळीच आशा नाही:

```
=AND(ISNUMBER($D2),$D2>=PERCENTILE($D$2:$D$241,0.9))
```

तासाभराने पत्रक पडद्यावर आले तेव्हा 27 ओळी पिवळ्या होत्या. साहेबांनी या वेळी स्वतः मोजल्या, आणि ते साहजिकच होते. “चोवीस हव्यात, सत्तावीस कशा?” असे त्यांनी विचारले. या प्रश्नाचे उत्तर मात्र मी तयार ठेवले होते. 240 आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावले, तर `PERCENTILE` 216 आणि 217 या क्रमांकांच्या मधला आकडा घेते. 239 गुणिले 0.9, अधिक 1, म्हणजे 216.1वे स्थान. ते दोन आकडे वेगवेगळे असते, तर 217 ते 240 अशा नेमक्या 24 ओळी रंगल्या असत्या. पण काका वेळ पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने लिहितात, त्यामुळे 190 मिनिटांच्या सहा गाड्या झाल्या होत्या आणि त्या 214पासून 219पर्यंतच्या स्थानांवर बसल्या होत्या. सीमारेषा 190वरच पडली, म्हणून सहाही गाड्या आत आल्या. `>=` ऐवजी `>` लिहिले असते तर त्या सहाही बाहेर गेल्या असत्या आणि 21 उरल्या असत्या. नेमक्या 24 मिळवण्यासाठी सारख्याच वेळ थांबलेल्या गाड्यांपैकी तीन घ्यायच्या आणि तीन सोडायच्या, असा भेद करावा लागला असता, आणि त्याला आधार काहीच नव्हता. साहेबांनी सत्तावीस मान्य केल्या आणि एका बाजूच्या चौकोनात 190 हा आकडा स्वतंत्र दिसावा असे सांगितले. म्हणून आता सूत्र `H1` मध्ये असते आणि नियम फक्त `$H$1` शी तुलना करतो. सीमारेषा कुठे आहे, ते कागद हातात घेणाऱ्यालाही वाचता येते.

त्या सत्तावीसपैकी 24 गाड्या दुरुस्तीच्या आधीच्या होत्या. उरलेल्या तीन एकाच दिवशीच्या, दुपारी आलेल्या निघाल्या. काकांना विचारले तेव्हा कळले की त्या दिवशी पावसाचे पाणी माल उतरवण्याच्या धक्क्यापर्यंत चढले होते आणि काटा व्यवस्थित चालू असूनही गाड्या उभ्या होत्या. साहेबांनी सकाळच्या कागदावरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडल्या आणि कंत्राटदाराचे बिल त्याच दिवशी मंजुरीला पाठवले.