'भासे' कापला गेला आणि अलंकार बदलला

माझ्या भाचीने रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅपवर पानाचा फोटो टाकला. बालकवींची 'श्रावणमासी'. 'मावशी, या दोन ओळींचा अर्थ आणि अलंकार सांग, कारणासकट. उद्या वही तपासणार आहेत.' पान डावीकडून उजेडात, उजवी कड मात्र अंगठ्याखाली. दिसत होतं ते एवढंच: 'बलाकमाला उडता', आणि त्याखाली 'कल्पसुमांची माळचि ते'.

अर्थ लगेच झाला. बलाक म्हणजे बगळा, कल्पसुमं म्हणजे कल्पवृक्षाची फुलं. उडत्या बगळ्यांची रांग ही त्या फुलांची माळच.

गाडी अडली ती अलंकारावर. क्लासच्या छापील नोट्समध्ये 'रूपक' लिहिलंय, असं भाचीने कळवलं. फोटोत जेवढं दिसत होतं त्यावरून ते पटतही होतं. 'माळचि' मधला 'चि' म्हणजे आपला 'च'. बगळे माळेसारखे नाहीत, माळच आहेत. उपमेय आणि उपमान एकच मानलं की रूपक. पण चाल म्हणून पाहिली तर पहिली ओळ लंगडत होती, 'उडता' नंतर काहीतरी हवं होतं. तेव्हा तिला म्हटलं, अंगठा काढ आणि पुन्हा फोटो पाठव.

आला तो शब्द 'भासे'. बगळे माळच आहेत असं कवी म्हणत नाही, माळच असल्याचा भास होतो म्हणतो. जणू, गमे, वाटे, भासे, की अशा शब्दांनी उपमेय हे उपमानच असावं अशी कल्पना केली की ती उत्प्रेक्षा. पुढची ओळही तेच सांगते: 'उतरुनि येती अवनीवरती ग्रहगोलचि की एकमते'. तेच बगळे खाली उतरतात, तेव्हा जणू ग्रहगोलच एकविचाराने पृथ्वीवर येताहेत. नोट्स लिहिणाऱ्याने 'च' पाहिला आणि 'भासे' वर पाणी सोडलं. छापून पैसे घेता, तर निदान ओळ पुरती वाचा!

भाचीने विचारलं, 'की' आहे तर ससंदेह का नाही? चांगला प्रश्न. ससंदेहात मन दोन्हीकडे लोंबकळतं, हे बगळे की फुलं ते ठरत नाही. इथे सुरुवातीलाच 'बलाकमाला' म्हणून कवी मोकळा झालाय. त्याला शंका नाही, तो कल्पना लढवतोय.

वहीत उत्तर असं गेलं: उपमेय बगळ्यांची रांग, उपमानं कल्पफुलांची माळ आणि ग्रहगोल, वाचक शब्द 'भासे' आणि 'की', म्हणून उत्प्रेक्षा. वाचक शब्द स्वतंत्र लिहायचाच, कारण म्हणून तोच दाखवता येतो.

हो, आणि रूपकच हवं असेल तर ते याच कवितेत इंद्रधनुष्याच्या कडव्यात आहे: 'मंगल तोरण काय बांधले नभोमंडपी कुणी भासे'. 'नभोमंडप' म्हणजे आकाश हाच मंडप, तेवढ्या समासात रूपक. सबंध ओळ मात्र पुन्हा उत्प्रेक्षाच. फोटो काढताना ओळीची दोन्ही टोकं आत घ्या. 'भासे' इथेही अगदी शेवटीच आहे.