फोटो गेला, केक मात्र वीसजणांचा करायचा होता

मावशीच्या वहीतल्या केकच्या पानाचा फोटो मी काढून ठेवला होता. फोन बदलताना तो कुठेतरी गेला आणि वहीही आता राहिलेली नाही. नेहमी आठ माणसांसाठी करायचे तो केक या वेळी वीसजणांसाठी हवा होता, आणि मला नक्की आठवत होत्या फक्त दोन गोष्टी : चार अंडी आणि आठ इंचांचं गोल भांडं.

मावशीला फोन केला. आकडे तिलाही आठवेनात, पण ती म्हणाली, "अगं, अंडी तोलून घ्यायची आणि तेवढंच बाकी सगळं." त्या एका वाक्यानं माझं काम सोपं झालं. फोटोतले आकडे शोधायची गरजच उरली नाही, कारण या केकचं मूळच असं आहे की फोडलेल्या अंड्यांचं जेवढं वजन, तेवढंच लोणी, तेवढीच साखर आणि तेवढाच मैदा. अंडं कवचाशिवाय साधारण पन्नास ग्रॅम भरतं, म्हणजे चार अंड्यांना प्रत्येक जिन्नस दोनशे ग्रॅमच्या आसपास.

अडचण होती बेकिंग पावडरची, कारण ती वजनाच्या या हिशोबात बसत नाही. मी एकाच अंड्याचा छोटा घाणा करून बघायचं ठरवलं. पन्नास ग्रॅम मैद्यात एक सपाट चमचा पावडर घातली आणि दोन छोट्या वाट्यांत भाजलं. केक भराभर फुगले आणि मध्ये खाली बसले. चवही थोडी कडवट, साबणासारखी लागली. जास्त पावडर झाली की असंच होतं : आतली हवा लवकर मोठी होते, पण तिला धरून ठेवायला भोवतालचं पीठ अजून शिजलेलं नसतं. दुसऱ्या घाण्यात अर्ध्या चमच्याला किंचित कमी घातली. वरचा भाग हलका उंचावला आणि तसाच राहिला. म्हणजे अंदाजे १२० ग्रॅम मैद्याला एक चमचा. हा अंदाज मी मग कागदावरच लिहून ठेवला.

माणसांचा हिशोब सरळ होता. आठाचे वीस म्हणजे अडीच पट, अंडी दहा. दहाही अंडी फोडून तोलली, ती ४८४ ग्रॅम भरली. म्हणून लोणी, साखर, मैदाही तेवढेच घेतले. हे नुसतं पाचशे धरण्यापेक्षा मला बरं वाटतं, कारण अंडी लहानमोठी असतात आणि फरक दहा अंड्यांत साठत जातो. पावडर मैद्याच्या हिशोबानं चार चमचे येत होती, मी साडेतीन घातली. मोठ्या भांड्यात मधला भाग उशिरा शिजतो, तेव्हा जरा कमीच बरी. व्हॅनिला चार अंड्यांना एक चमचा लागायचा, तो दोनच चमचे ठेवला. वास पुरेसा येतो.

खरा प्रश्न भांड्याचा. बॅटर अडीच पट झालं तर तळही अडीच पट हवा, नाहीतर केक जाड होतो आणि कडा करपेपर्यंत मध्ये कच्चा राहतो. आठ इंचांच्या गोलाचं क्षेत्रफळ ४ × ४ × ३.१४, म्हणजे सुमारे ५० चौरस इंच. त्याच्या अडीच पट १२५. दहा इंचांचं गोल भांडं मोठं दिसतं, पण त्याचं क्षेत्रफळ जेमतेम ७८. घरात नऊ बाय तेरा इंचांचं आयताकृती भांडं होतं, ११७ चौरस इंच. फरक किरकोळ, बॅटर दोनतृतीयांशाच्या वर गेलं नाही, मग तेच घेतलं.

जवळजवळ अर्धा किलो लोणी एकदम फेटायला माझं पातेलं पुरेना. लोणी-साखर दोन वेळा फेटून एकत्र केलं, मग अंडी थोडी थोडी करत. थंड अंडी घातली की मिश्रण फाटल्यासारखं दिसतं, म्हणून ती तासभर आधी बाहेर काढली होती. मैदा आणि पावडर मात्र ओव्हन तापल्यावरच मिसळली, कारण ओली झाल्यावर पावडरचं काम सुरू होतं.

वेळ अडीच पट करायची नसते. थराची जाडी तीच असल्यामुळे पस्तीस मिनिटांच्या जागी पंचेचाळीस धरली आणि आच १८० ऐवजी १७० अंशांवर ठेवली. पंचेचाळीसाव्या मिनिटाला मधोमध काडी टोचली तर ओलसर कण चिकटून आले. आणखी पाच मिनिटांनी काडी कोरडी निघाली आणि कडा भांड्यापासून सुटू लागल्या. गार झाल्यावर लांबीत पाच, रुंदीत चार भाग केले. बरोबर वीस तुकडे, आणि मधल्या तुकड्यातही कच्चा पट्टा नव्हता.