आमची वाटचाल : हाताला टाके पडले तेव्हा

डाळमिलचे सुटे भाग करत जळगाव एमआयडीसीत आमचं शॉप एका पिलर ड्रिलवर उभं राहिलं. मधली वर्षं बरी गेली. लिहायचंय ते त्या पावसाळ्याबद्दल, कारण तेव्हा शटर ओढायची वेळ आली होती.

चाळणीच्या कव्हरला 12 मिमीचं भोक पाडताना पत्रा ड्रिलवर चढला, गरकन फिरला आणि ऑपरेटरचा डावा पंजा कापून गेला. टाके पडले, पण बोटं शाबूत राहिली. दुसऱ्याच दिवशी आमच्या धंद्यातल्या एकाने गिऱ्हाइकांना फोन लावले, 'तिथे माणसं कापली जातात.' ते मला आजही डाचतं. मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर थांबवून रिपोर्ट मागितला. सल्लागाराने तयार ओळ आणली : कामगाराचा निष्काळजीपणा, समज दिली. मी सही केली नाही.

मशीन बंद ठेवून बिट, वाकलेला पत्रा, क्लॅम्प जागेवरच ठेवले होते. पोराला 'असं का केलंस' विचारलं नाही. 'रोज कसं करतोस ते दाखव' म्हटलं. तो म्हणाला, "भाऊ, पत्रा वर उना नि फिरना." पत्रा वर आला, हीच खरी खूण. बिट खाली पार होताना पातळ पत्रा त्याच्या धारेत अडकून वर ओढला जातो. पूर्वी हेच कव्हर 5 मिमीचं होतं, तेव्हा जॉब जड असल्याने हाताने धरूनही निभावायचं. नव्या ड्रॉइंगमध्ये ते 2 मिमी झालं. ड्रॉइंग बदललं, पण भोक पाडायची रीत तीच राहिली. क्लॅम्प का लावला नाही? कव्हर रुंद, क्लॅम्प पोचतच नव्हता. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटरही हातानेच धरत होता. मग दोष एकट्या पोराचा कसा?

रिपोर्टमध्ये हेच लिहिलं. उपायही तसेच. टेबलावर डाव्या बाजूला, पत्र्याच्या मागच्या कडेला टेकेल अशी जाड खुंटी बसवली. ड्रिल घड्याळाच्या दिशेने फिरतं, त्यामुळे पत्रा अडकला तरी डावं टोक मागे जाऊन खुंटीलाच थटतं. खाली लाकडी फळी, लांब क्लॅम्प आणि पातळ पत्र्याला स्टेप ड्रिल. ड्रॉइंगमध्ये जाडी बदलली की पहिला जॉब सुपरवायझरसमोरच निघतो. आणि ड्रिलवर हातमोजे घालू देऊ नका. बिट मोज्यासकट हात ओढून नेतं. तुमच्या शॉपमध्ये 'कामगाराला समज दिली' असे जुने रिपोर्ट असतील तर काढून बघा, तोच अपघात पुन्हा झालेला दिसेल.

अमळनेरचे आबा आमचं पहिलं गिऱ्हाईक. त्या दिवसांत ते शॉपवर आले, खुंटी हाताने हलवून पाहिली आणि पुढच्या हंगामाच्या चाळण्यांचा अॅडव्हान्स टेबलावर ठेवून गेले. मोठ्या गिऱ्हाइकाचीही ऑर्डर सुरू झाली. पोरगा त्याच ड्रिलवर आहे, नव्या मुलांना क्लॅम्प लावायला तोच शिकवतो. फोन लावणाऱ्याने मात्र आपले शब्द अजून मागे घेतलेले नाहीत.